साठी जानेवारीत, बँकेत मात्र जुलैत: एफडीचा जादा दर आणि कापलेला टीडीएस

पत्र

माझ्या वडिलांनी ६ नोव्हेंबर २०२५ रोजी दांडिया बाजारातल्या शाखेत पाच लाखांची दोन वर्षांची एफडी केली. पावतीवर साडेसहा टक्के दर आहे. त्याच आठवड्यात शेजारच्या काकांना सात टक्के मिळाले. वडिलांना १४ जानेवारीला साठ पूर्ण झाली, तरी बँक दर वाढवून देत नाही. त्याच बँकेत त्यांची नऊ लाखांची जुनी एफडी आहे. तिचं सात टक्क्यांनी तिमाही व्याज येतं आणि ती येत्या मे महिन्यात पिकते. डिसेंबरअखेर सव्वापाच हजारांच्या आसपास टीडीएस कापला गेला. टीडीएस कापू नका असं सांगणारा १५एच फॉर्म द्यायला गेलो तर काउंटरवर म्हणाले, "साठ पूरां नथी थयां." बँकेच्या कागदावर जन्मतारीख १-७-१९६६ दिसते, पॅनवर आणि शाळेच्या दाखल्यावर १४-१-१९६६ आहे, पण वर्ष तेच असल्याने आम्ही त्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. वडिलांनी रावपुऱ्यातलं दुकान गेल्या वर्षी बंद केलं. आता त्याचं महिना अठरा हजार भाडं येतं, आणि एक गिऱ्हाईक दुकान विकतच घ्यायला तयार आहे. पावतीत चूक आहे का? पाच लाखांची एफडी मोडून नव्याने करावी का?

एक वाचक, बडोदे

उत्तर

पावतीवरचा दर बरोबर आहे. कापलेला टीडीएस चुकीचा आहे. आणि ज्या जन्मतारखेकडे तुम्ही लक्ष दिलं नाही, तिच्यामुळेच टीडीएस कापला गेला. ती वेळेत दुरुस्त झाली नाही तर मे महिन्यात याहून मोठा फटका बसेल. म्हणून एफडी मोडण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवा. त्याचा हिशेब मी पुढे करून दाखवते.

आधी दराचं बघू. ज्येष्ठांना मिळणारा जादा अर्धा टक्का हा बँकेचा स्वतःचा नियम असतो. बहुतेक बँका तो ठेव ठेवली त्या दिवशी पहिल्या नावाच्या ठेवीदाराला साठ पूर्ण झालेली असतील तरच देतात. ६ नोव्हेंबरला वडील एकोणसाठ वर्षांचे होते. जन्म जानेवारीतला धरा किंवा जुलैतला, त्या दिवशी साठ होत नव्हतीच. ठेवीचा दर त्या दिवशी ठरला की मुदत संपेपर्यंत तोच राहतो, मध्ये वाढदिवस आला म्हणून बदलत नाही. शेजारच्या काकांची साठी आधीच उलटली असेल, एवढंच. यावर शाखेत वाद घालून काही मिळणार नाही.

आयकराचं गणित वेगळं आहे. आयकर कायद्यात ज्येष्ठ नागरिक म्हणजे त्या आर्थिक वर्षात केव्हाही साठ पूर्ण करणारी निवासी व्यक्ती. १४ जानेवारी २०२६ ही तारीख १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२६ या वर्षात येते. म्हणजे करासाठी वडील एप्रिलपासूनच, संपूर्ण वर्षभर, ज्येष्ठ आहेत. नोव्हेंबरात दर ठरताना जो माणूस ज्येष्ठ नव्हता, तोच टीडीएससाठी ज्येष्ठ होता. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, आणि काउंटरवर नेमका इथेच घोळ होतो, कारण तिथे दोन्ही गोष्टींसाठी "साठ झाली का?" हा एकच प्रश्न विचारला जातो.

याचा पैशांत काय फरक पडतो ते पाहा. एप्रिल २०२५ पासून एका बँकेतल्या ठेवींचं वर्षाचं व्याज ज्येष्ठांच्या बाबतीत एक लाखापर्यंत असेल तर टीडीएस कापायचा नाही. इतरांसाठी ही मर्यादा पन्नास हजार आहे. ती शाखेगणिक नसून त्या बँकेच्या सगळ्या शाखा मिळून मोजतात. वडिलांच्या जुन्या नऊ लाखांवर सात टक्क्यांनी वर्षाला ६३,००० व्याज होतं, तिमाहीला १५,७५०. नव्या पाच लाखांवर ६ नोव्हेंबर ते ३१ मार्च या काळात साधारण १३,०००. दोन्ही मिळून ७६,०००. ज्येष्ठ म्हणून पाहिलं तर हे लाखाच्या आत आहे, म्हणजे १५एच दिला नसता तरी एक रुपयाही कापायला नको होता. साठीखालचा माणूस म्हणून पाहिलं तर पन्नास हजारांच्या वर आहे, म्हणून दहा टक्के कापायचे. डिसेंबरअखेरपर्यंत जुन्या ठेवीचे तीन हप्ते ४७,२५० आणि नव्या ठेवीवर सुमारे ४,९००, मिळून ५२,१५०. त्याचे दहा टक्के ५,२१५. तुमचा सव्वापाच हजारांचा आकडा तंतोतंत इथे येऊन बसतो. सिस्टिमने वडिलांना साठीखालचे धरूनच टीडीएस कापला, याबद्दल मला शंका नाही.

सिस्टिमने तसं का धरलं? कारण तिच्याकडे १ जुलै १९६६ आहे. त्या तारखेने साठी १ जुलै २०२६ ला, म्हणजे पुढच्या आर्थिक वर्षात पूर्ण होते. वर्ष १९६६ बरोबर असूनही आर्थिक वर्ष बदललं. तारखेतली चूक साडेपाच महिन्यांची, पण मध्ये ३१ मार्च आला आणि सगळं उलटलं.

अशा १ जानेवारी किंवा १ जुलैच्या तारखा वडिलांच्या पिढीच्या खात्यांमध्ये बऱ्याच सापडतात. जुन्या फॉर्मवर नुसतं वय किंवा वर्ष लिहिलेलं असे, आणि संगणकात भरताना दिवस-महिना रिकामा ठेवता येत नाही म्हणून काहीतरी टाकलं जाई. आधारच्या सुरुवातीच्या कार्डांवरही पुष्कळदा फक्त जन्मवर्ष छापलेलं असायचं. म्हणून घरातले आधार कार्ड काढून बघा, त्यावर पूर्ण तारीख आहे का आणि कुठली आहे. आधार हा ओळखीचा पुरावा आहे, जन्मतारखेचा नव्हे, असं आधार प्राधिकरणाने स्वतःच स्पष्ट केलेलं आहे. तेव्हा वयासाठी बँकेला पॅन द्या, सोबत शाळा सोडल्याचा दाखला, आणि असेल तर पासपोर्ट. करासाठी पॅनवरची तारीख सर्वात महत्त्वाची, कारण आयकर खातं वय त्यावरूनच मोजतं. तुमच्याकडे पॅन आणि दाखला जुळतात, त्यामुळे अर्धं काम झालेलंच आहे. आधारवर वेगळी तारीख निघाली तर तीही दुरुस्त करून घ्या, मात्र कागद नीट तपासून, कारण आधारमधली जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलून मिळते.

आता पावती हातात घ्या. वरच्या भागात कस्टमर आयडी असतो. दोन्ही एफडी एकाच आयडीखाली आहेत ना, ते पहिल्यांदा पाहा. जुनं खातं एका आयडीवर आणि नवं दुसऱ्यावर असेल, तर एका ठिकाणी तारीख सुधारूनही दुसरीकडे १ जुलैच राहील. मग पहिलं नाव वडिलांचंच आहे का ते पाहा, कारण संयुक्त ठेवीत वय पहिल्या नावाचं धरतात. त्यानंतर ठेवीची तारीख, मुदत आणि दर. काही पावत्यांवर ग्राहकाचा प्रकार 'जनरल' की 'सीनियर सिटिझन' असा छापलेला असतो आणि १५एच किंवा साठीखालच्यांसाठीचा १५जी दिला आहे की नाही याचाही एक रकाना असतो. तुमच्या पावतीवर तो नसला तरी शाखेत विचारता येतो.

शेवटी मुदतपूर्तीची रक्कम स्वतः मोजून बघा. दर कुठला लागला हे छापलेल्या आकड्यापेक्षा या रकमेवरून पक्कं कळतं. व्याज दर तिमाहीला मुद्दलात मिळवलं जातं, म्हणून दोन वर्षांचे आठ टप्पे होतात. साडेसहा टक्क्यांनी एका तिमाहीचा दर १.६२५ टक्के. कॅल्क्युलेटरवर ५,००,००० ला १.०१६२५ ने आठ वेळा गुणलं की सुमारे ५,६८,८२० येतात. सात टक्क्यांनी १.०१७५ ने आठ वेळा गुणलं की ५,७४,४४१. फरक साधारण ५,६२० रुपयांचा. तुमच्या पावतीवर पहिला आकडा असला पाहिजे. पुढे ज्येष्ठांच्या दराने ठेव कराल तेव्हा दर एक आणि रक्कम दुसऱ्याच दराची असं दिसलं, तर काउंटर सोडायच्या आधीच विचारा. पावतीवरची ही रक्कम टीडीएस धरून नसते, हेही लक्षात असू द्या. व्याज हातात आलं नसलं तरी ते जमा होत जातं तसा टीडीएस कापला जाऊ शकतो, आणि मग शेवटी मिळणारी रक्कम छापलेल्यापेक्षा थोडी कमी भरते.

आता एफडी मोडण्याचा हिशेब. १४ फेब्रुवारीला ठेवीला शंभर दिवस होतात, तो दिवस धरू. साडेसहा टक्क्यांनी शंभर दिवसांचं व्याज सुमारे ८,९०४ रुपये होतं. पण मुदतीआधी मोडली की बँक साडेसहा टक्के देत नाही. जितके दिवस पैसे राहिले तितक्या मुदतीचा, ठेव केली त्या दिवशीचा दर देते आणि त्यातून दंड वजा करते. समजा शंभर दिवसांचा दर पाच टक्के आणि दंड अर्धा टक्का. तर साडेचार टक्क्यांनी ६,१६४ रुपये मिळतील, म्हणजे २,७४० चा तोटा. पुढच्या उरलेल्या ६३० दिवसांसाठी अर्धा टक्का जादा मिळाला तर फायदा सुमारे ४,३१५. वरवर पाहता दीड हजार सुटतात. पण हे केव्हा? बँकेचा सर्वसाधारण दर आजही साडेसहाच असेल तेव्हा. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये रेपो दर ६.५० वरून टप्प्याटप्प्याने ५.२५ वर आणला आणि त्यातली शेवटची कपात डिसेंबरात, म्हणजे तुमच्या ठेवीनंतर झाली. समजा त्या मुदतीचा सर्वसाधारण दर सव्वासहावर आला असेल, तर ज्येष्ठ म्हणून पावणेसात मिळतील. मग फायदा फक्त पाव टक्क्याचा, सुमारे २,१५७ रुपये, आणि तोटा २,७४०. पदरचेच गेले. तुमच्या बँकेचे तीन आकडे, म्हणजे शंभर दिवसांचा तेव्हाचा दर, दंड आणि आजचा ज्येष्ठांचा दर, विचारून हाच हिशेब मांडा. माझा स्वतःचा कल ठेव आहे तशीच राहू देण्याकडे आहे.

खरी मिळकत मे महिन्यात आहे. नऊ लाखांची ठेव पिकेल त्या दिवशी वडिलांची साठी खरोखर उलटलेली असेल, पण बँकेच्या नोंदीत नसेल. तारीख न सुधारता ती आपोआप नूतनीकरणाला गेली, तर साध्या दराने पुन्हा बांधली जाईल. नऊ लाखांवर अर्धा टक्का म्हणजे वर्षाला साडेचार हजार, आणि नवी मुदत संपेपर्यंत दरवर्षी. १४ जानेवारी ते ३० जून या काळात वडील जी कोणती ठेव ठेवतील, तिच्यावर ही सावली आहे. म्हणून एप्रिल उजाडायच्या आत तारीख सुधारून घ्या, आणि मे महिन्यात ठेव आपोआप फिरू न देता शाखेत जाऊन नवी पावती डोळ्यांनी तपासून घ्या.

अर्ज साधाच लिहा. वडिलांच्या सहीने, शाखा व्यवस्थापकांना उद्देशून: कस्टमर आयडी अमुक, नोंदीत जन्मतारीख १-७-१९६६ अशी आहे, पॅन व शाळेच्या दाखल्यानुसार ती १४-१-१९६६ आहे, ती दुरुस्त करावी. आर्थिक वर्ष २०२५-२६ मध्ये माझी साठ वर्षे पूर्ण झाल्याने टीडीएससाठी मला ज्येष्ठ नागरिक धरावे आणि मार्चच्या तिमाहीत कपात करू नये. सोबत पॅन आणि दाखल्याच्या स्वाक्षरीत प्रती जोडा, मूळ कागद दाखवायला न्या. अर्जाच्या दोन प्रती करा आणि आपल्या प्रतीवर तारखेचा शिक्का घ्या. आठवड्याभराने पुन्हा जाऊन नवी तारीख पडद्यावर दिसते का ते विचारा किंवा नेट बँकिंगच्या प्रोफाइलमध्ये पाहा. तोंडी "थई गयुं" यावर समाधान मानू नका. लेखी अर्ज करून तीस दिवसांत उत्तर आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते. तेव्हा हाच शिक्का कामी येतो.

कापलेले ५,२१५ रुपये बुडालेले नाहीत. आर्थिक वर्ष संपलेलं नसल्याने याच वर्षात जुळवून देता येतील का, हे बँकेला अर्जातच विचारा. तसं होईलच असं धरून मात्र चालू नका, कारण एकदा रक्कम वडिलांच्या पॅनवर सरकारजमा झाली की बँका सहसा विवरणपत्राकडेच बोट दाखवतात. फॉर्म २६एएस मध्ये ती जमा दिसते का ते तपासा, बँकेकडून फॉर्म १६ए घ्या, आणि ३१ जुलै २०२६ पर्यंत विवरणपत्र भरून परतावा मागा. उत्पन्न करपात्र नसलं तरी परताव्यासाठी ते भरावं लागेल.

आता १५एच. या फॉर्मने उत्पन्न करमुक्त होत नाही. वडील बँकेला एवढंच सांगतात की माझ्या वर्षाच्या एकूण उत्पन्नावर कर शून्य येतो, म्हणून कापू नका. तसं सांगण्याआधी ते खरं आहे का हे पाहावं लागतं. त्यांचं या वर्षाचं उत्पन्न मांडू. भाडं वर्षाला २,१६,०००, त्यातून घरभाड्याप्रमाणेच दुकानाच्या भाड्यालाही मिळणारी तीस टक्के वजावट काढली की १,५१,२००. त्यात व्याज ७६,००० मिळवा, एकूण २,२७,२००. बचत खात्याचं थोडं व्याज धरलं तरी नव्या करपद्धतीतल्या चार लाखांच्या करमुक्त मर्यादेपेक्षा खूप कमी. कर शून्य, म्हणून १५एच देण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे, आणि त्यांनी १५जी भरण्याची गरज नाही. फॉर्ममध्ये जन्मतारखेचा रकाना आहे, तिथे पॅनवरचीच तारीख लिहा. व्याजाच्या तपशिलात दोन्ही ठेवींचे क्रमांक द्या. एकाच ठेवीचा क्रमांक लिहिला आणि दुसरी राहून गेली, असं फार होतं. फॉर्म दिल्याची पावती मात्र मागून घ्या.

यंदा व्याज लाखाच्या आत असल्याने तारीख सुधारली तरी पुरे, फॉर्म ही दुहेरी खात्री. पुढच्या वर्षी तसं नाही. पाच लाखांवर पूर्ण वर्षाचं सुमारे ३४,००० आणि नऊ लाखांवर ६३,००० च्या आसपास, म्हणजे एकूण सत्याण्णव हजारांपर्यंत जाईल. एखादी छोटी ठेव वाढली की लाख ओलांडला. म्हणून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात नवीन घोषणापत्र द्या, ते दर आर्थिक वर्षी नव्याने द्यावं लागतं. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू होत असल्याने त्या वर्षाचा फॉर्म बँकेकडूनच घ्या, घरात ठेवलेला जुना १५एच भरू नका.

आणि दुकानाचं. ज्या आर्थिक वर्षात ते विकाल, त्या वर्षी हा सगळा हिशेब बदलतो. विक्रीचा नफा एकूण उत्पन्नात येतो आणि त्यावर वेगळ्या दराने कर लागतो. बारा लाखांपर्यंत कर नाही असं जे ऐकायला मिळतं, ती सूट अशा नफ्याला लागू होत नाही. नफा काही लाखांत असेल तर वडिलांचा कर शून्य राहणार नाही, आणि मग कर शून्य आहे असं सही करून सांगणं खोटं ठरेल. खोट्या घोषणेबद्दल खटला भरण्याची तरतूद कायद्यात आहे. गिऱ्हाईक पक्कं असेल तर एप्रिलमध्ये घोषणापत्र देण्याची घाई करू नका. आधी दुकान केव्हा आणि केवढ्याला घेतलं याचे कागद घेऊन सीएकडे जा, नफा किती निघतो ते काढून घ्या. सौदा येत्या वर्षात होणारच असेल, तर ते वर्ष घोषणापत्र न देता जाऊ द्या. व्याज लाखाच्या वर गेलं तर बँक दहा टक्के कापेल, आणि ते द्यायच्या करात वळते होतील.